हेड स्वॅपनंतर नजर भलतीकडेच जाते: बुबुळ आणि कॅचलाइट पुन्हा जुळवताना

"बाकी सगळं मस्त झालंय, पण बाबा नक्की कुणाकडे बघतायत?"

ग्रुप फोटो रिटच करणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न कधी ना कधी ऐकावा लागतो. पाच जणांच्या फोटोत चौघांचे चेहरे एका फ्रेममध्ये छान आलेले असतात आणि पाचव्याचे डोळे नेमके मिटलेले. आपण दुसऱ्या फ्रेममधून त्याचं डोकं उचलतो, मानेपाशी मास्क करतो, रंग जुळवतो, कॉलरची कड नीट बसवतो. झूम करून बघितलं तर जोड कुठे सापडत नाही. तरीही फोटो समोर धरला की तो माणूस त्या फोटोत नसल्यासारखा वाटतो. चौघं आपल्याकडे बघतात आणि तो आपल्या खांद्यावरून पलीकडे.

ही तक्रार आली की बहुतेक जण थेट बुबुळ पकडून सरकवायला लागतात. मीही बरीच वर्षं तेच केलं. कधी जमायचं, कधी डोळा काचेचा दिसायचा, आणि का ते कळायचं नाही. पुढे लक्षात आलं की एकसारख्या दिसणाऱ्या या तक्रारीमागे तीन वेगळे दोष असतात आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा. म्हणून आधी दोष ओळखायचा, मग हात लावायचा.

दोष कुठला ते ओळखणं

फोटो शंभर टक्क्यांवर उघडा आणि त्या माणसाचं नाक, तोंड, कपाळ कागदाच्या दोन पट्ट्यांनी झाका. स्क्रीनवर करायचं असेल तर वरच्या लेअरवर करडे चौकोन काढा. फक्त डोळ्यांची आडवी पट्टी उघडी ठेवा. आता तो आपल्याकडे बघतोय का?

पट्टीत तो नीट आपल्याकडे बघत असेल आणि चौकोन काढल्यावर नजर वळल्यासारखी वाटत असेल, तर डोळे बरोबर आहेत. गडबड आहे ती डोळे आणि चेहऱ्याची दिशा यांच्या नात्यात. पट्टीतही तो बाजूलाच बघत असेल तर बुबुळ खरोखर सरकलेलं आहे. आणि पट्टीत कुठे बघतोय तेच ठरवता येत नसेल, नजर शून्यात आहे असं वाटत असेल, तर जवळजवळ नेहमी कॅचलाइट, म्हणजे डोळ्यातली दिव्याची चमक, चुकलेला असतो.

यातला पहिला प्रकार सगळ्यात फसवा. विल्यम हाइड वोलास्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने 1824 मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात चित्रांमधल्या डोळ्यांच्या दिशेवर एक निबंध छापला होता. तेच रेखाटलेले डोळे त्याने वेगळ्या दिशेला वळलेल्या नाकाच्या आणि चेहऱ्याच्या वर ठेवून दाखवले, आणि डोळ्यांची एकही रेघ न बदलता नजर वळलेली दिसली. म्हणजे समोरचा कुठे बघतोय हे आपण नुसत्या बुबुळावरून ठरवत नाही. नाक कुठे वळलंय तेही आपण नकळत हिशेबात धरतो.

आपल्या कामात हे कधी आडवं येतं? पूर्ण डोकं न बदलता फक्त डोळे बदलले की. मिटलेल्या डोळ्यांवर दुसऱ्या फ्रेममधले उघडे डोळे बसवणं हा सोपा मार्ग वाटतो, कारण केस, कान, मान यांना हात लावावा लागत नाही. पण दोन फ्रेमच्या मध्ये माणसाने मान थोडी जरी वळवलेली असली तरी डोळे एका डोक्याचे आणि नाक दुसऱ्याचं, अशी गत होते. इथे बुबुळ सरकवून उपयोग नाही. नाकाची दिशा जुळणारी फ्रेम शोधा किंवा मग डोळ्यांबरोबर अख्खं डोकं घ्या. नाकाच्या शेंड्यापासून दोन्ही गालांच्या कडांपर्यंतचं अंतर दोन्ही फ्रेममध्ये मोजून गुणोत्तर काढलं तर मान किती वळली त्याचा अंदाज लगेच येतो. गुणोत्तरात डोळ्याला जाणवण्याइतका फरक असेल तर नुसते डोळे बदलण्याच्या फंदात मी पडत नाही.

बुबुळ खरोखर सरकलेलं असेल तेव्हा

सुरुवातीला सांगितलेला बाबांचा फोटो याच जातीचा होता. तो सविस्तर सांगतो, कारण त्यातले आकडे हाताशी असले की पुढचे फोटो अंदाजाने न करता मोजून करता येतात.

24 मेगापिक्सेलचा फुल फ्रेम कॅमेरा, 50 मिमी लेन्स, माणसं साधारण 3 मीटरवर, कॅमेरा ट्रायपॉडवर. चित्राच्या डावीकडे वरच्या अंगाला एक अम्ब्रेला. निवडलेल्या फ्रेममध्ये बाबांचे डोळे मिटलेले, म्हणून चार फ्रेम आधीचं त्यांचं डोकं घेतलं होतं. मान जुळत होती, उजेड तोच होता, डोकं फिरवावंही लागलं नव्हतं. पण त्या आधीच्या फ्रेममध्ये फोटोग्राफर रिमोट हातात घेऊन ट्रायपॉडच्या शेजारी उभा होता आणि बहुधा "इकडे बघा" म्हणत होता. माणसं साहजिकच लेन्सऐवजी त्याच्याकडे बघत होती. पुढच्या फ्रेमला कुणीतरी लेन्सकडे बघायची आठवण करून दिली असणार, कारण तिथून पुढे जवळजवळ सगळ्यांची नजर सरळ आहे. ग्रुप फोटोत नजर चुकण्याचं हे सगळ्यात नेहमीचं कारण, आणि ते फोटोशॉपमध्ये जन्मलेलं नसतं.

फोटोग्राफर लेन्सपासून साधारण 40 सेंटीमीटर बाजूला होता असं धरू. 3 मीटरवरून 40 सेंटीमीटर म्हणजे साडेसात अंशांच्या आसपास. एवढ्याशा कोनाने काय होतंय असं वाटेल, पण समोरचा आपल्याकडे बघतोय की नाही या बाबतीत माणसाची नजर फार तिखट असते. शेजारी चार जण सरळ बघत असतील तेव्हा तर साडेसात अंश उघडच दिसतात.

आता हे पिक्सेलमध्ये आणू. मोठ्या माणसाच्या बुबुळाचा दिसणारा व्यास पावणेबारा मिलिमीटरच्या आसपास असतो आणि माणसामाणसात तो फारसा बदलत नाही. म्हणजे प्रत्येक चेहऱ्यावर एक फूटपट्टी आयतीच छापलेली आहे. या फोटोत बुबुळ 32 पिक्सेल रुंद होतं, म्हणजे एक मिलिमीटरला जेमतेम पावणेतीन पिक्सेल. डोळा ज्या बिंदूभोवती फिरतो तिथपासून बुबुळाचं प्रतल साधारण 10 मिलिमीटर पुढे असतं. म्हणून नजर जितके अंश वळते त्याच्या साइनला 10 ने गुणलं की बुबुळ किती मिलिमीटर सरकलं ते मिळतं.

```
बुबुळ सरकलं  = 10  × sin(7.6°) = 1.3 मिमी  ≈ 3.6 px
चमक सरकली  = 5.7 × sin(7.6°) = 0.75 मिमी ≈ 2.1 px
```

पहिली ओळ कळायला सोपी आहे. दुसरी ओळ मला उशिरा कळली, आणि काचेच्या डोळ्याचं कोडं तिथेच सुटलं.

चमक बुबुळाला चिकटलेली नसते

डोळ्यातला पांढरा ठिपका म्हणजे कॅचलाइट. तो बुबुळावरचा डाग नव्हे. बुबुळाच्या पुढे जो पारदर्शक घुमट असतो तो बहिर्गोल आरशासारखं काम करतो आणि त्या आरशात आपल्याला दिव्याचं छोटं प्रतिबिंब दिसतं. या घुमटाच्या वक्रतेची त्रिज्या साधारण 7.8 मिलिमीटर. घुमटाच्या वक्रतेचं केंद्र आणि डोळा फिरण्याचं केंद्र एकाच ठिकाणी नसतं, त्यांच्यात साडेपाच-पावणेसहा मिलिमीटरचं अंतर असतं. त्यामुळे डोळा फिरला की बुबुळ जास्त सरकतं आणि चमक कमी, साधारण निम्म्याहून थोडी अधिक. आय ट्रॅकिंगची कितीतरी यंत्रं याच फरकावर चालतात: बाहुलीचं केंद्र आणि चमक यांच्यातलं अंतर मोजायचं आणि त्यावरून नजर काढायची.

आपला मेंदूही काहीसं तसंच करत असावा असं मला कामातून वाटतं. मी आधी काय करायचो? बुबुळाला लॅसो करायचो, चमकेसकट उचलायचो आणि साडेतीन पिक्सेल सरकवायचो. पापण्यांच्या चौकटीत बुबुळ बरोबर जागी बसायचं. पण बुबुळाच्या आत चमक जुन्याच जागी राहायची, म्हणजे ती अजूनही सांगत असायची की हा माणूस साडेसात अंश बाजूला बघतोय. पापण्या सांगतायत लेन्सकडे, चमक सांगतेय बाजूला. त्यातून येतो तो मेलेला, काचेचा डोळा.

बाबांच्या डाव्या डोळ्यात चमक बुबुळाच्या केंद्रापासून चित्राच्या डावीकडे 9 पिक्सेलवर होती. शेजारच्या व्यक्तीच्या त्याच बाजूच्या डोळ्यात ती साडेसातच्या आसपास होती. फरक दीड पिक्सेलचा. बुबुळ 3.6 पिक्सेल आणि चमक 2.1 पिक्सेल डावीकडे नेली की हाच दीड पिक्सेल भरून निघतो. गणित आणि शेजाऱ्याचा डोळा एकच उत्तर देत असतील तर निर्धास्त पुढे जावं. उत्तरं वेगळी आली तर मी शेजाऱ्याच्या डोळ्यावर विश्वास ठेवतो, कारण फोटोग्राफर कुठे उभा होता हा शेवटी आपला अंदाजच असतो.

तुलना त्याच बाजूच्या डोळ्याशीच का करायची? माणूस ज्या रेषेत बघतो ती रेषा आणि डोळ्याचा अक्ष तंतोतंत एक नसतात, साधारण 4-5 अंशांचा फरक असतो. त्यामुळे सरळ लेन्सकडे बघणाऱ्या माणसाच्याही दोन्ही डोळ्यांत चमक किंचित नाकाच्या बाजूला ओढलेली असते. दिवा डावीकडे असेल तर एका डोळ्यात ती बुबुळाच्या केंद्रापासून थोडी लांब पडते आणि दुसऱ्यात थोडी जवळ. या फोटोच्या मापात हा फरक दोनेक पिक्सेलचा होतो. म्हणजे आपण जी चूक शोधतोय तिच्याहून मोठा. डाव्याची तुलना उजव्याशी केली तर नसलेली चूक दुरुस्त करून बसाल. दोन्ही डोळ्यांतली चमक घड्याळाच्या अगदी सारख्या काट्यावर आणि अगदी सारख्या अंतरावर बसवायचा हट्टही म्हणूनच सोडावा. तशी बसवली की माणूस किंचित तिरळा दिसायला लागतो.

लेअर कसे बसवायचे

डोळ्याचं काम मी स्वतंत्र ग्रुपमध्ये करतो आणि त्या ग्रुपला पापण्यांच्या उघड्या फटीच्या आकाराचा मास्क देतो. कड साधारण एक पिक्सेल मऊ. या मापात पापण्यांचे केस जेमतेम पिक्सेलभर जाड असतात. मास्क कडक ठेवला तर ते कापले जातात आणि डोळा चिकटवल्यासारखा दिसतो.

सगळ्यात आधी चमक बाजूला काढायची. ती लॅसो करून स्वतंत्र लेअरवर घ्या, त्या लेअरचा मोड `Lighten` ठेवा. मग खालच्या बुबुळावरून चमक पुसून टाका. हीलिंग ब्रश इथे हमखास घोळ करतो, कारण चमक बहुतेक वेळा बाहुलीच्या काळ्या कडेवर बसलेली असते आणि तो काळं नि तपकिरी एकत्र कालवतो. साधा क्लोन स्टॅम्प घ्या, दोन-तीन पिक्सेलचा, आणि समोरच्या बाजूची बाहुलीची कड आणून लावा. चमक नसलेला डोळा या टप्प्यावर भयंकर दिसतो, तिकडे लक्ष देऊ नका.

आता बुबुळ उचला. निवड करताना बुबुळाभोवतीचं गडद वलय आत घ्यायचं, त्याच्याही बाहेर पिक्सेलभर पांढरं येऊ द्यायचं. वलय कापलं की बुबुळ छोटं आणि धारदार दिसतं. बुबुळाचा लेअर स्मार्ट ऑब्जेक्ट करा, `Ctrl+T` दाबा, वरच्या पट्टीत X च्या शेजारचा छोटा त्रिकोण चालू करा आणि `-3.6 px` टाका. बाणाच्या कळीने पूर्ण पिक्सेलच सरकतो आणि 32 पिक्सेलच्या बुबुळात अर्ध्या पिक्सेललाही किंमत आहे. चमकेच्या लेअरला तसंच `-2.1 px` द्या. अपूर्णांकाने सरकवल्यावर कड किंचित मऊ होते, पण सहसा ती शेजाऱ्यांच्या डोळ्यांइतकीच मऊ असते, म्हणून चालतं.

बुबुळ डावीकडे गेलं की उजवीकडे जुन्या बुबुळाची चंद्रकोर उघडी पडते. ती डोळ्याच्या उजव्या कोपऱ्याकडच्या पांढऱ्याने भरायची. पांढरा म्हटलं तरी तो पांढरा नसतो. कोपऱ्याकडे गुलाबट आणि गडद होत जातो, वर पापणीची सावली असते. शुद्ध पांढऱ्या ब्रशने भरलेला डोळा दहा फुटांवरून ओळखू येतो. भरून झाल्यावर वरच्या पापणीची सावली बुबुळ आणि पांढरा भाग दोन्हींवर सलग पडतेय ना ते बघा. तुटली असेल तर सगळ्यात वर एक `Multiply` लेअर घेऊन फिक्या करड्या रंगाने ती पुन्हा ओढा, आठ-दहा टक्के पुरतात.

दुसऱ्या डोळ्यालाही तेच आकडे, त्याच दिशेला. 3 मीटरवर बघताना दोन्ही डोळे एकमेकांकडे जेमतेम अर्धा-पाऊण अंश वळतात, म्हणून या अंतरावर तो हिशेब सोडून दिला तरी चालतो. अगदी जवळून काढलेल्या पोर्ट्रेटमध्ये मात्र तो धरावा लागतो.

चमकच चुकलेली असेल तेव्हा

तिसरा दोष वेगळा. बुबुळ जागेवर आहे, नाकाशीही जुळतंय, पण चमक चुकीच्या जागी किंवा चुकीच्या आकाराची आहे. याची कारणं बहुतेक आपणच तयार केलेली असतात.

सगळ्यात मोठं कारण म्हणजे आडवं उलटवणं. एकदा एका फ्रेममधलं डोकं विरुद्ध बाजूला वळलेलं होतं म्हणून मी ते सरळ `Flip Horizontal` केलं. भांग उलट्या बाजूला गेलेला घरच्यांच्या लक्षात येईल म्हणून तेवढा दुरुस्त केला, शर्टची बटणंही बघितली आणि स्वतःवर खूश होऊन फोटो पाठवून दिला. डोळ्यातल्या चमका मात्र दोनच्या काट्यावर राहिल्या, बाकी सगळ्यांच्या दहाच्या. फोटो परत आला तेव्हा शेरा होता, "हा वेगळ्या खोलीत बसलाय का?" शेरा मारणाऱ्याला कॅचलाइट हा शब्दही माहीत नव्हता. तेव्हापासून उलटवलेल्या डोक्यावर काम करायचंच झालं तर दुसरं काहीही करायच्या आधी मी चमका पुसतो. खरं सांगायचं तर उलटवलेलं डोकं वापरू नये. नाकावरची सावलीही उलटी पडते आणि ती चमकेइतक्या सहज हलवता येत नाही.

दुसरं कारण डोकं फिरवणं. मान थोडी कलती दिसावी म्हणून डोकं दहा-बारा अंश फिरवलं की चमकही तेवढीच फिरते. घड्याळाचा एक तास म्हणजे 30 अंश, तेव्हा दहा-बारा अंश म्हणजे एका तासाचा तिसरा हिस्सा. गोल अम्ब्रेलाच्या चमकेत हे खपून जातं. चौकोनी सॉफ्टबॉक्स किंवा खिडकी असेल तर चौकोन कलंडलेला दिसतो आणि ते लगेच डोळ्यात भरतं, कारण शेजाऱ्याच्या डोळ्यातली खिडकी सरळ उभी असते. अशा वेळी जागा बदलण्यापेक्षा चमकेचा लेअर उलट दिशेने तेवढाच फिरवणं पुरतं.

तिसरं, दोन फ्रेमच्या मध्ये दिवाच हलवलेला असणं. इथे जुनी चमक वाचवायच्या मागे लागू नका. ती पुसा आणि मुख्य फ्रेममधल्या शेजाऱ्याच्या त्याच बाजूच्या डोळ्यातली चमक आणून बसवा. आकार, रंग, किती चमका आहेत, त्यांची मऊ कड, सगळं आयतं मिळतं. फिल लाइटची दुसरी फिकी चमक असेल तर तीही घ्या, कारण एकालाच एक चमक आणि बाकीच्यांना दोन हेही कळतं. शेजारी म्हणजे खरोखर लगतचा. दिवा जवळ असेल तर ओळीच्या एका टोकाच्या माणसाला तो वेगळ्या कोनातून दिसतो आणि दुसऱ्या टोकाच्या माणसाला वेगळ्या.

शेजाऱ्याने चष्मा लावलेला असेल किंवा त्याचे डोळे बारीक झालेले असतील, तर जागा हिशेबाने काढता येते. डोळ्यापासून लेन्सकडे एक रेषा आणि दिव्याकडे दुसरी, त्यांच्यातला कोन θ धरला तर सरळ बघणाऱ्या डोळ्यात चमक केंद्रापासून इतकी दूर पडते:

```
अंतर (मिमी) = 7.8 × sin(θ / 2)
```

दिवा 40 अंशांवर असेल तर 2.7 मिलिमीटर, म्हणजे बुबुळाच्या केंद्रापासून कडेपर्यंतच्या निम्म्याला थोडं कमी. 60 अंशांवर 3.9, म्हणजे दोन तृतीयांश. दिवा कितीही बाजूला नेला तरी चमक त्या मानाने हळूच सरकते, कारण कोन निम्मा होऊन येतो. हाताने चमक काढणारे बहुतेक जण ती कडेच्या फार जवळ काढतात, हे या सूत्रातून लगेच दिसतं. आधी सांगितलेला नाकाकडचा पिक्सेलभराचा कल यात नाही, तो डोळा बघून द्यायचा.

चमकेचा उजेड किती ठेवायचा तेही शेजाऱ्याकडूनच घ्या. शेजाऱ्याच्या चमकेवर आयड्रॉपर टेकवून आकडा वाचा. ग्रुप फोटोत ती बऱ्याचदा पूर्ण 255 नसते. नवी चमक पूर्ण पांढरी ठेवली तर एकट्या त्याचेच डोळे लुकलुकतात.

किती सरकवलं की थांबायचं

आडव्या दिशेत दहा अंशांपर्यंत मी हात घालतो. तेवढ्यात बुबुळाचा गोल आकार नजरेला कळेल इतका बदलत नाही, अरुंदपणा एक-दीड टक्काच येतो. वीस अंशांना तो सहा टक्क्यांवर जातो, शिवाय पापण्यांची फटही वेगळा आकार घेते. मग नुसतं बुबुळ हलवून भागत नाही.

उभ्या दिशेत मी जवळजवळ हातच घालत नाही. डोळा खाली गेला की वरची पापणी बरोबर खाली येते, वर गेला की वर. वरची पापणी बुबुळाचा एक-दोन मिलिमीटर भाग झाकते, खालची बुबुळाच्या कडेला टेकते. बुबुळ दोन पिक्सेल खाली नेलं आणि पापणी तिथेच राहिली, तर बुबुळाच्या वर पांढरी रेघ उघडी पडते आणि माणूस दचकलेला दिसतो. एखाद्या पिक्सेलपुरतं ठीक आहे. त्याहून जास्त लागत असेल तर दुसरी फ्रेम शोधण्यात जो वेळ जाईल तो इथे वाया जाणाऱ्या वेळेपेक्षा कमीच असतो.

एक गोष्ट आणखी, जिच्याकडे नजर जुळवता जुळवता दुर्लक्ष होतं. डोकं मोठं-छोटं केलं असेल तर बुबुळाचा व्यास त्याच रांगेतल्या शेजाऱ्याच्या बुबुळाशी ताडून बघा. शेजाऱ्याचं 32 आणि याचं 35 आलं तर डोकं जवळपास दहा टक्के मोठं झालंय. अशा माणसाची नजर रोखून बघितल्यासारखी वाटते आणि आपण उगाच चमकेला दोष देत बसतो. उलटंही होतं, मागच्या रांगेत बसवलेलं डोकं छोटं केलेलं नसतं. लहान मुलांच्या बाबतीतही ही फूटपट्टी बऱ्यापैकी चालते, कारण बुबुळ पहिल्या दोन-तीन वर्षांतच मोठ्या माणसाच्या मापाजवळ पोचतं.

काम झालं की मी आधी पट्टीची चाचणी पुन्हा करतो. मग `Image > Image Rotation > Flip Canvas Horizontal` करून फोटो उलटा बघतो. तासभर एकाच डोळ्याकडे बघून आपली नजर मरते आणि उलटवलं की चूक नव्याने दिसते. बघून झाल्यावर परत सुलटा करायला विसरू नका, मी एकदा विसरलोय. शेवटी फोटो इतका लहान करतो की प्रत्येक चेहरा नखाएवढा दिसेल, आणि कुणा एकाकडे न बघता पूर्ण फोटोवरून नजर फिरवतो. नजर एखाद्या चेहऱ्यावर अडली तर तिथे अजून काम बाकी आहे.

बाबांच्या फोटोत दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्यांच्यावर अडली नाही. ती अडली मागच्या रांगेतल्या मुलीवर, जिचं डोकं बदललंच नव्हतं. मूळ फ्रेममध्येच ती भावाकडे बघत होती. तिला मी तसंच राहू दिलं.